चर रुंद खणला की पाइपावरचा भार का वाढतो, आणि किती वाढतो

प्रश्न: ९०० मिमी आतल्या व्यासाची आरसीसी पाइपलाइन टाकतोय. माथ्यावर ४ मीटर माती येणार. ड्रॉइंगमध्ये चराची रुंदी १.७ मीटर आहे, कंत्राटदाराने २.६ मीटर खणली. तो म्हणतो, "मातीची उंची तीच, म्हणजे भार तोच. उलट कुटाईला जागा झाली." कन्सल्टंट म्हणतो, जास्त क्षमतेचा पाइप घ्या. पाइप अजून चरात उतरवलेले नाहीत. पुढच्या टप्प्यात एचडीपीईचा प्लास्टिक पाइप आहे, तिथेही हेच लागू होतं का?

उत्तर:

कंत्राटदाराचं "उंची तीच म्हणजे भार तोच" हे चूक आहे, पण "कुटाईला जागा झाली" यात तथ्य आहे. कन्सल्टंटचं म्हणणं बरोबर आहे, पण तो एकच मार्ग नाही. एचडीपीईच्या बाबतीत तर गणित जवळजवळ उलटं होतं. क्रमाने सांगतो.

आधी मी काय धरलंय ते. पाइपाची भिंत १०० मिमी, म्हणजे बाहेरचा व्यास १.१ मीटर. माती साधी चिकण, घनमीटरला १९ किलोन्यूटन. तुमच्याकडे वाळूसारखी माती असेल किंवा पाण्याची पातळी वर असेल तर आकडे बदलतील. वाहनांचा भार मी सोडून दिलाय, कारण ४ मीटर मातीखाली तो नगण्य उरतो. मात्र काम चालू असताना अर्धा-पाऊण मीटर भरावावरून डंपर गेला तर हीच लाइन चिरते. तो वेगळा विषय.

पाइपावर किती माती आहे हा यातला खरा प्रश्नच नाही. पाइपावरची माती आणि तिच्या शेजारची माती यांतली कोणती जास्त खचते, हा प्रश्न आहे. जी जास्त खचते ती शेजारणीच्या अंगावर रेलते. पुढचं सगळं यातूनच निघतं.

अरुंद चर घ्या. भराव नवा, सैल, त्यामुळे तो खाली बसत जातो. चराच्या भिंती मात्र जुन्या, वर्षानुवर्षं बसलेल्या जमिनीच्या. भराव खाली सरकायला लागला की भिंतींशी घासतो आणि भिंती त्याचं काही वजन वरच्या वर पेलतात. धान्याच्या कोठारात तळावर सगळ्या धान्याचं वजन येत नाही, भिंती काही भाग घेतात, हे यान्सेनने १८९५ मध्ये मांडलं होतं. त्याच धर्तीचा विचार आयोवातल्या मार्स्टनने गाडलेल्या पाइपांना लावला आणि १९१३ मध्ये चाचण्यांसह प्रसिद्ध केला. आजही कडक पाइपासाठी हिशेब तिथूनच सुरू होतो:

```
W  = Cd × γ × Bd²
Cd = (1 − e^(−2·Kμ·H/Bd)) / (2·Kμ)
```

`W` म्हणजे पाइपाच्या दर मीटर लांबीवरचा भार, `Bd` चराची रुंदी, `H` माथ्यावरची माती, `γ` मातीचं एकक वजन. `Kμ` म्हणजे भिंत किती घट्ट धरते त्याचा आकडा: साध्या चिकण मातीला ०.१३, पाण्याने भिजलेल्या चिकण मातीला ०.११, वाळू-खडीला ०.१६५. यात पाइपाचा व्यास कुठेच नाही, आणि रुंदी वर्गात आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. रुंदी वाढली की चरातली माती वाढते, हे एक. दुसरं म्हणजे भिंती मात्र दोनच राहतात, त्यामुळे त्यांनी पेललेला वाटा एकूण वजनाच्या मानाने घटतो. रुंदी अशी दोनदा मारते.

आता तुमचा चर. १.७ मीटर रुंदीला `Cd` येतो १.७६ आणि भार मीटरला सुमारे ९७ किलोन्यूटन. चरातल्या सगळ्या मातीचं वजन १२९ आहे, म्हणजे चौथा हिस्सा भिंतींनी पेलला. रुंदी १.४ असती तर भार ७५ वर आला असता. पाइपाच्या डोक्यावर सरळ उभा असलेला मातीचा खांबच ८४ किलोन्यूटनचा आहे, त्याहूनही हा कमी. मग १.४ का नाही? कारण १.१ मीटरच्या पाइपाला दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर उरतात आणि त्या फटीत पाइपाच्या बगलांखाली माती कुटणं माणसाला जमत नाही. ड्रॉइंगवरचे १.७ हे या दोन गरजांमधली तडजोड आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण साइटवर निम्मे वाद तिच्यावरून होतात. `Bd` ही रुंदी पाइपाच्या माथ्याच्या पातळीला मोजायची, जमिनीवर नाही. वर चर उताराने कितीही उघडा असला तरी चालतो, खाली पाइपाच्या माथ्यापर्यंत उभ्या भिंतींचा अरुंद चर असला म्हणजे झालं. माती ढासळत असेल तर वरचा भाग उताराने कापा आणि शेवटचा दीड-पावणेदोन मीटर अरुंद ठेवा. तुमचे २.६ मीटर कुठे मोजलेत ते आधी बघा. ते जमिनीवरचे असतील आणि खाली माथ्याजवळ १.८ असेल, तर भांडण इथेच संपलं.

ते खालपर्यंत २.६ आहेत असं धरून पुढे जातो. सूत्रात २.६ घातले तर १६३ येतात. हा आकडा बघून पुष्कळ जण घाबरतात आणि थेट दोन वर्ग वरचा पाइप मागवतात. पण तो खरा नाही. रुंदी एका हद्दीपलीकडे गेली की भिंती इतक्या लांब राहतात की त्यांचा पाइपाशी संबंधच तुटतो. तेव्हा पाइप चरात नसून मोकळ्या भरावाखाली, म्हणजे रस्त्याच्या मातीच्या बांधाखाली असल्यासारखा वागतो. तिथला भार हीच वरची मर्यादा.

बांधाखाली काय होतं ते मात्र उलटं आहे. आरसीसी पाइप स्वतः दबत नाही. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचा मातीचा खांब तळापासून वरपर्यंत मातीचाच, म्हणून तो जास्त खचतो. पाइपावरचा खांब खालून कडक पाइपावर टेकलेला, म्हणून कमी खचतो. शेजारचे खांब खाली जाताना मधल्या खांबाला धरून खाली ओढतात. जे घर्षण अरुंद चरात तुमच्या बाजूने होतं, तेच आता विरोधात गेलं.

या ओढीचा जोर किती, हे एका गुणाकारावर ठरतं: पाइप जमिनीच्या वर किती उघडा आहे ते प्रमाण, गुणिले पाइपाच्या मानाने बाजूची माती किती जास्त खचते ते प्रमाण. साध्या, बऱ्यापैकी कुटलेल्या भरावाला हा गुणाकार ०.५ च्या आसपास धरतात. `Kμ` इथे ०.१९ घेतात. ०.१३ ऐवजी ०.१९ का, असा प्रश्न तरुण इंजिनिअर नेहमी विचारतात. चरात घर्षण मदत करतं म्हणून ते कमी धरलेलं सुरक्षित, बांधाखाली घर्षण ओढतं म्हणून जास्त धरलेलं सुरक्षित. या आकड्यांनी भार येतो १२४ किलोन्यूटन, म्हणजे पाइपावरच्या सरळ खांबाच्या जवळजवळ दीडपट.

चराचं सूत्र १२४ वर कधी पोहोचतं? २.१ मीटरला. ही तुमच्या पाइपासाठी संक्रमणाची रुंदी. १.७ वरून २.१ पर्यंत जाताना भार ९७ वरून १२४ होतो, आणि त्यानंतर चर २.६ करा की ५, तो १२४ च राहतो. गंमत म्हणजे सगळं नुकसान पहिल्या ४० सेंटीमीटरमध्येच होऊन जातं. पोकलेनला थोडा मोठा बकेट लावला की तेवढं सहज होतं आणि त्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता पाइप पुरेल का? तुम्ही क्षमता दिलेली नाही. समजा, तीन कडांवरच्या चाचणीत भेगेच्या मर्यादेपर्यंत तो मीटरला ५५ किलोन्यूटन घेतो. चाचणीत पाइपाला खालून दोन बारीक पट्ट्यांवर ठेवून वरून एका रेषेत दाबतात, ती सर्वांत क्रूर अवस्था. जमिनीत बेडिंग पाइपाला खालून रुंद टेका देतं, म्हणून तो चाचणीपेक्षा जास्त भार पेलतो. किती पट, त्याला बेडिंग गुणक म्हणतात. सपाट तळावर नुसता ठेवला तर १.१. खडीच्या थरावर बसवून पाइपाच्या निम्म्या उंचीपर्यंत दोन्ही बाजूंनी खडी नीट कुटली तर १.९. काँक्रीटचा पाळणा केला तर २.२ आणि वर.

१.७ मीटर चर आणि १.९ गुणक धरला तर लागणारी क्षमता ९७ ÷ १.९ म्हणजे ५१. पाइप ५५ चा, चाललं. २.६ मीटर चराला १२४ ÷ १.९ म्हणजे ६५. चालत नाही. कन्सल्टंट बहुधा याच आकड्यावर आला असावा.

पण १२४ हा आकडा ०.५ या गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत बाजूच्या भरावाचा कडकपणा सांगतं. तो तुमच्या हातात आहे. दोन्ही बाजूंना चांगली खडी पातळ थरांत घट्ट कुटली, तर बाजूचा खांब पाइपाच्या मानाने फारसा खचत नाही आणि गुणाकार ०.१ च्या जवळ येतो. तेव्हा भार फक्त १०२. उलट, पोकलेनने ढेकळं ढकलून बाजू भरल्या आणि वरून दोनदा यंत्र फिरवलं, तर गुणाकार १ वर जातो आणि भार १३९. चर तोच, पाइप तोच, मातीची उंची तीच. फरक ३७ किलोन्यूटनचा, आणि तो फक्त पाइपाच्या कुशीतल्या एक-सव्वा मीटर उंचीच्या भरावामुळे. म्हणून कंत्राटदार "कुटाईला जागा झाली" म्हणतो तेव्हा मी ते हसण्यावारी नेत नाही. जागा झाली आहे खरी. तिचा उपयोग तो करणार आहे का, एवढंच विचारा.

१०२ ÷ १.९ म्हणजे ५४, ५५ च्या जेमतेम आत. इतक्या काठावरच्या आकड्यावर मी स्वतः सही करणार नाही. ०.१ हा आकडा प्रत्येक थराची घनता मोजून दाखवली तरच मागता येतो, आणि एका जागी जरी कुटाई राहिली तरी त्या पाइपाचं गणित १३९ च्या दिशेने जातं.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पटलं एका कामावर. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. मोठ्या व्यासाची सांडपाण्याची लाइन, चर पत्र्याचं शोरिंग लावून खणलेला. भराव झाल्यावर दोन-तीन महिन्यांत आत उतरून पाहिलं, तर सलग आठ-नऊ पाइपांच्या माथ्याला आतून लांबीच्या दिशेने भेगा. सगळ्यांनी एकच सूर लावला, पाइपांचा लॉट खराब. त्याच लॉटमधला यार्डात पडलेला पाइप चाचणीला पाठवला, तो आरामात पास झाला. मग मी मोजमाप पुस्तिका चाळली. त्या पट्ट्यात एक कडा ढासळली होती, ती साफ करून चर रुंद केला होता, आणि पाइपाच्या बाजू खोदकामाच्याच मातीने भरल्या होत्या. वर आणखी एक गोष्ट घडली होती. पत्रे भराव पूर्ण झाल्यावर उपसले होते. पत्र्याच्या जाडीची पोकळी दोन्ही बाजूंना राहिली, बाजूची कुटलेली माती तिकडे सरकून सैल झाली. जी थोडीफार कुटाई झाली होती तीही त्यात गेली. लॉटमध्ये काही दोष नव्हता. तेव्हापासून पत्रे एक तर भराव चढेल तसे टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे, किंवा माथ्याच्या पातळीला कापून खालचा भाग तसाच गाडायचा, एवढं मी निविदेतच लिहून घेतो.

आता तुमच्यापुढचे मार्ग. जास्त क्षमतेचा पाइप मिळत असेल तर तो सर्वांत सोपा आणि कामगारांच्या शिस्तीवर सर्वांत कमी अवलंबून. तो मिळायला वेळ लागत असेल तर काँक्रीटचा पाळणा. तुम्हाला १२४ ÷ ५५, म्हणजे २.२५ गुणक हवा, तो पाळण्यात बसतो. पाइप उतरवलेले नाहीत म्हणून हे अजून शक्य आहे. तिसरा मार्ग मला तुमच्या जागी जास्त आवडतो: बाजू पातळ सिमेंट-वाळूच्या वाहत्या मिश्रणाने माथ्याच्या जरा खालपर्यंत भरणं. ते स्वतःहून बगलांखाली शिरतं, कुटावं लागत नाही आणि घट्ट झाल्यावर मातीसारखं खचत नाही. त्यामुळे गुणाकार खाली येतो आणि बेडिंगही सुधारतं. पण याचा एक धोका लोक विसरतात. मिश्रण पातळ असतं तेव्हा पाइप त्यात तरंगतो. तुमच्या पाइपाचं आकारमान मीटरला ०.९५ घनमीटर, म्हणजे पूर्ण बुडाला तर वर ढकलणारा जोर सुमारे १९ किलोन्यूटन. रिकाम्या पाइपाचं वजन ८ च्या आसपास. एका दमात भरलंत तर लाइन उचलली जाईल आणि उतार बिघडेल. म्हणून पहिला थर बेताचा, तो धरला की दुसरा, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी.

नुसती खडी कुटून १.९ वर निभावायचं असेल तर थर १५ सेंटीमीटरचे, दोन्ही बाजू एकसारख्या चढवत. पाइपाच्या बरोबर मधोमध तळाखाली मात्र खडी थोडी सैल ठेवा आणि कुटाईचा सगळा जोर बगलांना लावा. अनेक जण उलटं करतात, तळाची पट्टी रोलर फिरवून दगडासारखी करतात. मग पाइप त्या एका रेषेवर टेकतो आणि जमिनीतही चाचणीची क्रूर अवस्था तयार होते. माथ्याच्या थेट वर पहिल्या ३० सेंटीमीटरला यंत्राने कुटू नका. तिथे माती थोडी मऊ राहिली तर फायदाच आहे.

हा फायदा मुद्दाम करून घेण्याची जुनी युक्तीही आहे. कडक पाइपाच्या माथ्यावर दबणारा थर ठेवायचा, म्हणजे मधला खांब बाजूच्यांपेक्षा जास्त खचतो आणि रुंद भरावातही अरुंद चरासारखी मदत मिळते. मार्स्टनच्या काळात पेंढा वापरत, आता थर्माकोलसारखे फोमचे ठोकळे. उंच बांधाखाली ही युक्ती छान चालते. ४ मीटरला मी ती सुचवत नाही, कारण वरच्या रस्त्यावर खळगा उमटण्याची भीती असते.

चौकोनी मोरीलाही हेच लागू आहे, कारण तीही कडक. अमेरिकेतल्या आश्टोच्या पूल-नियमावलीत भरावाखालच्या चौकोनी मोरीसाठी मातीच्या सरळ वजनाला एक वाढीव गुणक लावतात. उंची वाढेल तसा तो वाढतो, पण बाजू कुटलेल्या असतील तर १.१५ वर थांबतो, न कुटलेल्या असतील तर १.४० पर्यंत जाऊ देतात. बाजूच्या भरावाची किंमत दोन आकड्यांत कळते.

आता एचडीपीई. इथे मनातलं चित्र बदलावं लागतं. हा पाइप स्वतः दबतो, बाजूच्या मातीइतका किंवा तिच्याहून जास्त. त्यामुळे शेजारचे खांब त्याला खाली ओढत नाहीत, आणि भार सरळ खांबाएवढा किंवा त्याहून कमीच राहतो. ४ मीटरला ७६ किलोपास्कल धरा, चर कितीही रुंद असो. म्हणजे रुंदीने भार वाढत नाही. इथे पाइप भाराने फुटत नाही, चपटा होतो. आडवा फुगतो, बाजूच्या मातीला ढकलतो आणि तिच्या प्रतिकारावर उभा राहतो. स्पँगलरने १९४१ मध्ये याचं सूत्र मांडलं, पुढे १९५८ मध्ये वॅटकिन्सबरोबर ते सुधारलं. आजच्या कडकपणाच्या वर्गांत ते असं लिहिता येतं:

```
Δ/D = (DL × K × P) / (8·SN + 0.061·E')
```

`SN` पाइपाचा कडकपणा, `E'` बाजूच्या मातीचा, `P` माथ्यावरचा दाब. `K` बेडिंगचा आकडा, ०.१ घ्या. `DL` काळानुसार वाढणाऱ्या चपटेपणासाठी, १.५ घ्या. पाइप SN ८ चा, म्हणजे ८ किलोपास्कल. मग छेदातला पाइपाचा वाटा ६४. बाजूला खोदकामाचीच माती अर्धवट कुटून टाकली तर `E'` साधारण १४०० किलोपास्कल, तिचा वाटा ८५. चपटेपणा ७.६ टक्के. सहसा ५ टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे नापास. आता घाबरून दुप्पट कडक, SN १६ चा पाइप आणला तर ५.३ टक्के. तरीही नापास, आणि पैसे वाया. तेवढ्यात SN ८ चाच पाइप ठेवून बाजूला नीट कुटलेली खडी टाकली, `E'` ७०००, तर मातीचा वाटा ४२७ होतो आणि चपटेपणा २.३ टक्क्यांवर येतो. एचडीपीईच्या कामात तुम्ही खरं तर पाइप विकत घेत नसता, बाजूची खडी विकत घेत असता.

मग रुंदीचं काय? ती इथे दुसऱ्या वाटेने येते. पाइप खडीला ढकलतो, खडी चराच्या भिंतीला. भिंत कडक जमिनीची असेल तर अरुंद चर उत्तम, कुटायला जागा असली की पुरे. भिंत दलदलीच्या मऊ मातीची असेल तर खडी कितीही कुटा, ती भिंतीत घुसते आणि पाइप चपटा होतो. तिथे चर मुद्दाम रुंद करून खडीचा पट्टा जाड करतात. पाइपाच्या व्यासाच्या पाचेक पट रुंदी झाली की भिंतीच्या मातीचा परिणाम जवळजवळ संपतो. आरसीसीत ज्या रुंदीने तुमचं नुकसान केलं, तीच रुंदी इथे मऊ जमिनीत उपाय ठरते, अट एवढीच की वाढलेली जागा खडीने भरायची. पाणी वर असेल तर खडीच्या बाहेरून जिओटेक्स्टाइल गुंडाळा, नाहीतर बारीक माती खडीच्या पोकळ्यांत शिरते आणि कुटलेली बाजू काही महिन्यांत सैल होते.

भराव झाल्यावर गडबड कशी ओळखायची, तेही सांगतो. आरसीसीत आतून माथ्याला आणि तळाला लांबीच्या दिशेने भेगा दिसल्या तर भार जास्त झालाय. बाहेरून त्या दोन्ही कुशींना असतात, पण त्या दिसत नाहीत. पाव मिलिमीटरची पट्टी भेगेत शिरत नसेल तर सहसा लक्ष ठेवून सोडून देतात, शिरत असेल तर कारण शोधायला लागा. भेग पाइपाभोवती गोल फिरलेली असेल तर रुंदीला दोष देऊ नका. ती बेडिंग उंच-सखल असल्याची खूण आहे, पाइप तिथे तुळईसारखा वाकलाय. एचडीपीईत भरावानंतर ३० दिवसांनी उभा व्यास मोजा किंवा मँड्रेल, म्हणजे ठरावीक मापाचा ठोकळा, आतून ओढा. तो अडकला त्या जागेची कुटाईची नोंद काढा. त्या तारखेला बहुतेक वेळा पाऊस सापडतो, नाहीतर यंत्र बंद पडलेलं सापडतं.

आणि उद्या सकाळी पहिलं काम म्हणून दर १० मीटरला, पाइपाच्या माथ्याच्या नियोजित पातळीला टेप आडवी धरून चराची रुंदी मोजा आणि कंत्राटदाराच्या माणसाची सही घ्या. २.१ च्या आत भरणाऱ्या लांबीला वेगळा हिशेब करता येईल. सगळ्याच लाइनला पाळणा लागणार नाही. मोजमापं इथे टाकलीत तर पट्ट्यापट्ट्याने आकडे काढून देतो. पाइपाची चाचणीतली क्षमताही लिहा, ५५ हा आकडा माझ्या मनाचा आहे.